डिस्चार्ज समरीचा फोटो येतो तेव्हा: घरच्यांसाठी भाषांतर करताना काय बदलायचं नाही

मावशीला घरी सोडलं त्या संध्याकाळी वहिनीने मला तीन फोटो पाठवले. खाली एवढंच: "काकांना वाचता येईल असं मराठीत करून दे, उद्या सकाळपासून गोळ्या तेच देणार आहेत." वहिनीची नोकरी, मावसभाऊ परगावी, आणि काकांना इंग्रजी अक्षरं जेमतेम लागतात. म्हणजे माझ्या कागदावर जे लिहिलं जाईल तेच दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या तळहातावर पडणार होतं.

त्यानंतर घरात आणि शेजारीपाजारी असे बरेच कागद मराठीत केले, पण कामाची पद्धत बसली ती मावशीच्या समरीवर. म्हणून तीच डोळ्यांसमोर ठेवून लिहितो.

आधी फोटो नीट मिळवा

भाषांतरातल्या निम्म्या चुका वाचनातल्या असतात आणि वाचनातल्या बऱ्याचशा फोटोतल्या. मला आलेल्या पहिल्या फोटोत वरच्या दिव्याची चकाकी नेमकी औषधांच्या तक्त्यावर पडली होती. दुसऱ्यात घडीची रेघ एका डोसवरून गेली होती. अशा फोटोवर अंदाज बांधत बसण्यापेक्षा फोटो परत मागवावा, त्याला दोन मिनिटं लागतात.

मागवताना नेमकं सांगावं. कागद टेबलावर सपाट ठेव, उजेड बाजूने येऊ दे, फ्लॅश बंद कर, फोन कागदाच्या बरोबर वर धर, चारही कोपरे दिसू देत. पूर्ण पानाचा एक फोटो, आणि औषधांच्या तक्त्याचे जवळून वेगळे दोन-तीन. मागची बाजू कोरी असली तरी तिचाही फोटो हवा, कारण "पुन्हा कधी यायचं" हे हाताने मागे लिहिलेलं मी दोनदा पाहिलंय. फोटो चॅटमध्ये साधा चित्र म्हणून पाठवला की दाबला जाऊन बारीक होतो. फाइल किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं. चाचणी सोपी आहे: फोटो मोठा करून दशांश चिन्ह शोधायचं. ०.२५ मधला ठिपका स्वच्छ दिसला तर फोटो चालेल. दिसत नसेल तर त्या फोटोवर काम करू नये.

फोटोतला मजकूर आपोआप उचलून देणारी सोय आता बहुतेक फोनमध्ये असते. परिच्छेदांसाठी ती ठीक आहे. तक्त्यासाठी मी ती वापरत नाही: शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल होते, ठिपके गळतात आणि एका ओळीचा डोस दुसऱ्या ओळीच्या औषधाला जाऊन चिकटतो. मजकूर टाइप केल्यासारखा नीटनेटका दिसतो, त्यामुळे शंकाही येत नाही.

भाषांतर सुरू करण्याआधी एकदा नुसतं वाचा

प्रत्येक पानावर तेच नाव, तेच वय, तोच नोंदणी क्रमांक आहे का? दुसऱ्या पेशंटचं पान मध्ये टाचलं जाणं हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. पानांवर "३ पैकी १" असे आकडे असतील तर तिन्ही पानं हातात आहेत ना, तेही बघावं.

मग कागदाचे भाग ओळखायचे. जवळपास प्रत्येक समरीत निदान, दाखल होतानाची तक्रार, तपासण्या, दवाखान्यात दिलेले उपचार, घरी घ्यायची औषधं आणि पुढच्या सूचना असतात. क्रम वेगळा असेल. यातला सगळ्यात धोक्याचा सांधा म्हणजे "दवाखान्यात दिलेले उपचार" आणि "घरी घ्यायची औषधं". दोन्हीकडे औषधांची यादी असते आणि दोन्हीकडे काही नावं तीच असतात. मावशीच्या दुसऱ्या पानावर फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन होतं, तिसऱ्या पानावर त्याच नावाची गोळी. पहिलं संपलेलं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं. घाईत दोन्ही याद्या एकत्र झाल्या तर घरातलं माणूस विचारत बसतं, "इंजेक्शन कोण देणार?", किंवा त्याहून वाईट म्हणजे एकच औषध दोनदा मोजलं जातं. म्हणून भाषांतरात दवाखान्यातल्या उपचारांच्या भागावर ठळक लिहावं: हे उपचार दवाखान्यात झाले, घरी द्यायचे नाहीत.

नक्कल कशाची आणि भाषांतर कशाचं

माझा नियम असा. ज्या गोष्टीवरून माणूस दुकानात औषध मागणार, पट्टी ओळखणार किंवा दुसरा डॉक्टर निर्णय घेणार, तिची अक्षरशः नक्कल करायची. औषधाचं पूर्ण नाव, त्यामागची शेपटाची अक्षरं, आकडा, एकक, तपासणीचं नाव आणि निदानाची मूळ ओळ ही सगळी यात येतात. उरलेलं, म्हणजे काय करायचं, कधी, किती दिवस आणि काय झालं तर कुठे जायचं, ते मराठीत आणायचं.

मावशीच्या तिसऱ्या पानावरचा तक्ता असा होता:

```
TAB. FUROSEMIDE 40 MG            1-1-0   x 2/52
TAB. METOPROLOL SUCC. ER 25 MG   1-0-0   TO CONTINUE
TAB. SPIRONOLACTONE 25 MG        0-1-0   x 2/52
TAB. CEFUROXIME 500 MG           1-0-1   x 5/7   PC
TAB. LEVOTHYROXINE 50 MCG        OD EMPTY STOMACH
TAB. ATORVASTATIN 40 MG          HS
METFORMIN - HOLD TILL REVIEW
```

सात ओळी आहेत. भाषांतरातही सातच ओळी हव्यात, त्याच क्रमाने.

पहिली आणि चौथी ओळ बघा. फ्युरोसेमाइड आणि सेफ्युरोक्झिम: एक लघवीवाटे साठलेलं पाणी काढणारी गोळी, दुसरं अँटिबायोटिक. इंग्रजीत लिहिलेली ही नावं वेगळी दिसतात, पण देवनागरीत आणून काकांसमोर ठेवली की दोन्हींत "फ्युरो" वाचलं जातं आणि डोळा तिथेच थांबतो. देवनागरीत औषधांची नावं लिहायची एकच ठरलेली रीत नाही. मी एक लिहीन, दुकानदार दुसरं वाचेल. म्हणून मी नाव आधी मूळ अक्षरांत, पट्टीवर असतं तसं लिहितो आणि त्याखाली फक्त उच्चारासाठी देवनागरीत. ज्यांना इंग्रजी अक्षरं लागतच नाहीत त्यांच्यासाठी त्या ओळीशेजारी पट्टीचा फोटो चिकटवतो. चित्र जुळवणं कुणालाही जमतं.

दुसऱ्या ओळीतलं शेपूट गाळायचा मोह फार होतो. "मेटोप्रोलॉल २५" एवढं पुरे की! पुरत नाही. मेटोप्रोलॉल दोन वेगवेगळ्या क्षारांच्या रूपात मिळतं. सक्सिनेट हळूहळू सुटणाऱ्या गोळीत येतं आणि सहसा दिवसातून एकदा घेतलं जातं. टार्ट्रेटची साधी गोळी सहसा दिवसातून दोनदा लागते. नावापुढची ती दोन-चार अक्षरंच सांगतात की ही हळू सुटणारी गोळी आहे आणि ती कुटून पाण्यात देता येणार नाही. गिळायला त्रास होतो म्हणून गोळी कुटणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात.

एककाचंही तसंच. पाचव्या ओळीत मायक्रोग्रॅम आहे, बाकी सगळीकडे मिलिग्रॅम. मायक्रोग्रॅम हा मिलिग्रॅमचा हजारावा भाग. सात ओळी एका लयीत लिहिताना हात आपोआप पाचव्यांदाही "मिग्रॅ" लिहून जातो. मी एककाचा संक्षेप मूळ अक्षरांतच ठेवतो आणि पुढे मराठीत पूर्ण शब्द लिहितो, "मायक्रोग्रॅम" असा. "मायग्रॅ" वगैरे घरगुती संक्षेप करत नाही.

आकड्यांबद्दल एक गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यानेच सांभाळायची आहे. आपला १ हाताने लिहिला की इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ इंग्रजी 8 सारखा. काकांच्या पिढीला देवनागरी आकडे सवयीचे, पण पट्टीवर मात्र इंग्रजी. एकाच कागदावर दोन्ही आले तर गोंधळ ठरलेला. त्यामुळे औषधाच्या ताकदीचा आकडा मी पट्टीवर असतो तसाच ठेवतो, आणि "सकाळी एक गोळी" यातला एक अक्षरांत लिहितो.

वेळा आणि मुदत: खरं भाषांतर इथे आहे

फ्युरोसेमाइडसमोर `1-1-0` आहे. म्हणजे सकाळी एक, दुपारी एक, रात्री नाही. याचं "दिवसातून दोनदा" केलं तर हिशेब बरोबर आणि सूचना चूक. घरात "दोनदा" म्हणजे सकाळ-रात्र असंच धरतात. ही गोळी रात्री दिली तर मावशी रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या मारणार, आणि अशक्त माणूस अंधारात पडायला एवढं पुरतं. तो शेवटचा शून्यसुद्धा मजकूर आहे, म्हणून मी तोही शब्दांत लिहितो: रात्री देऊ नये.

`2/52` आणि `5/7` यांनी वहिनीला बुचकळ्यात टाकलं होतं. तिने `5/7` म्हणजे ५ जुलै वाचलं होतं. ही काही देशांतल्या डॉक्टरांची जुनी लिहायची पद्धत आहे. खालचा आकडा एकक सांगतो: ७ म्हणजे दिवस, ५२ म्हणजे आठवडे, १२ म्हणजे महिने. म्हणून `5/7` म्हणजे पाच दिवस, `2/52` म्हणजे दोन आठवडे आणि `3/12` म्हणजे तीन महिने, ३ डिसेंबर नव्हे. ओळखायची खूण म्हणजे औषधासमोर गुणिलेचं चिन्ह असतं. तरीही खात्री नसेल तर दुकानाच्या बिलावर गोळ्या मोजाव्यात. सेफ्युरोक्झिम दिवसाला दोन, पाच दिवस म्हणजे दहा गोळ्या. बिलावर दहाच होत्या. फ्युरोसेमाइड दिवसाला दोन, चौदा दिवस म्हणजे अठ्ठावीस. पट्ट्या पूर्ण विकल्या तर तीस. हा पडताळा फुकटचा आहे आणि मी तो नेहमी करतो. बिलावर भलताच आकडा आला तर एकतर मी चूक वाचलंय किंवा दुकानदाराने, आणि दोन्ही वेळी फोन करायचा असतो.

मराठीत मुदत लिहिताना आपली बोलीच आपल्याला फसवते. "आठ दिवसांनी या" म्हणजे आपल्याकडे एक आठवडा, "पंधरा दिवसांनी" म्हणजे दोन. डॉक्टरांनी चौदा दिवस लिहिले आणि भाषांतरात पंधरा आले तर कुणाला काही वाटत नाही. पण मावशीच्या दोन गोळ्या चौदाव्या दिवशी संपणार होत्या आणि भेटही तेव्हाच होती. पंधरवड्याच्या मोघम हिशेबात भेट दोन दिवस पुढे गेली असती तर मधले दोन दिवस ती गोळ्यांविना राहिली असती. म्हणून मुदतीसमोर मी तारीख आणि वारही लिहितो. १० तारखेला मंगळवारी घरी सोडलं, तर दोन आठवड्यांनी म्हणजे २४ तारीख, मंगळवार. तारीख मी काढलेली आहे हे कळावं म्हणून मूळ "दोन आठवडे" आधी ठेवतो आणि तारीख त्यापुढे.

"दोन दिवसाआड" हाही असाच शब्द. कुणी त्याचा अर्थ एक दिवस सोडून घेतं, कुणी दोन दिवस सोडून. औषधाच्या कागदावर तो वापरूच नये. "सोमवार, बुधवार, शुक्रवार" असे वार मूळ कागदावर असतील तर वार लिहावेत. नसतील तर "एक दिवस द्यायची, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा द्यायची" असं उलगडून लिहावं. आठवड्यातून एकदाच घ्यायची औषधं तर लाल शाईने. मेथोट्रेक्सेटची संधिवातासाठीची आठवड्याची गोळी रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. त्या ओळीत "आठवड्यातून" हा शब्द गाळला जाणं ही किरकोळ चूक नाही.

`OD`, `HS`, `PC`, `SOS` अशी लॅटिनमधून आलेली अक्षरं थोडीच आहेत. क्रमाने दिवसातून एकदा, झोपताना, जेवणानंतर, गरज पडल्यास. पण संदर्भ बघावा. डोळ्यांच्या कागदावर `OD` म्हणजे उजवा डोळा. थायरॉइडच्या गोळीसमोर तो अर्थातच दिवसातून एकदा.

"होल्ड"ची गोष्ट

सातवी ओळ मी पहिल्या मसुद्यात चुकवली होती. `HOLD TILL REVIEW` याचं मी लिहिलं, "मेटफॉर्मिन पुढच्या तपासणीपर्यंत चालू ठेवा." होल्ड म्हणजे धरणे, धरून ठेवणे, म्हणजे चालू ठेवणे, असा माझ्या डोक्यात प्रवास झाला. वैद्यकीय कागदावर होल्ड म्हणजे तात्पुरतं थांबवा. बरोब्बर उलट. वहिनीने वाचताना विचारलं, "मग बाकीच्यांसारखा डोस का नाही लिहिलाय?" आणि मला घाम फुटला. खरंच, चालू ठेवायचं औषध असतं तर आकडा, वेळ, मुदत यातलं काहीतरी असतंच.

तेव्हापासून औषधांच्या याद्यांना मी एक रकाना जास्तीचा जोडतो. नवीन सुरू, पूर्वीचं तसंच चालू, डोस बदलला, तात्पुरतं बंद, कायमचं बंद. या पाचपैकी एक शब्द प्रत्येक ओळीसमोर हवा, तोही कागदावर त्याला आधार असेल तरच. `TO CONTINUE` असेल तर "चालू". काहीच लिहिलं नसेल तर रकाना रिकामा ठेवून "कागदावर लिहिलेलं नाही" असं लिहायचं. मावशीकडे मेटफॉर्मिनची अर्धी पट्टी घरात होती आणि काकांनी सवयीने ती सकाळच्या डबीत भरलीही होती. म्हणून भाषांतरात ती ओळ अशी झाली:

```
METFORMIN
(उच्चार: मेटफॉर्मिन)
तात्पुरतं बंद. पुढच्या भेटीत डॉक्टर सांगेपर्यंत देऊ नये.
```

आणि फ्युरोसेमाइडची अशी:

```
TAB. FUROSEMIDE 40 MG
(उच्चार: फ्युरोसेमाइड, मिलिग्रॅम)
सकाळी एक, दुपारी एक, रात्री देऊ नये.
दोन आठवडे, म्हणजे २४ तारीख, मंगळवारपर्यंत.
नवीन की जुनं: कागदावर लिहिलेलं नाही.
```

ही गोळी कशासाठी, हे त्यात नाही. कागदावर नव्हतं म्हणून मी लिहिलं नाही. काकांनी विचारलं तर तोंडी सांगायला हरकत नाही, पण मूळ कागदावर नसलेली माहिती भाषांतरात शिरली की पुढे ती डॉक्टरांनीच लिहिली होती असं सगळे धरून चालतात.

निदान: घाबरवायचं नाही, गोड करायचं नाही

पहिल्या पानावर हे होतं:

```
DIAGNOSIS: ACUTE DECOMPENSATED HEART FAILURE, LVEF 35%
K/C/O T2DM, HTN.  ?CKD
```

ही ओळ भाषांतरात जशीच्या तशी वर ठेवायची. त्याखाली मराठी. "हार्ट फेल्युअर"चं शब्दशः "हृदय बंद पडलं" केलं तर घरात रडारड होईल आणि ते चूकही आहे. हृदय चालू आहे. शरीराला हवं तितकं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतंय. हा हार्ट अटॅकही नव्हे, ती वेगळी गोष्ट. `ACUTE` म्हणजे "गंभीर" नव्हे, अलीकडे अचानक उद्भवलेलं. उलट क्रॉनिक म्हणजे बराच काळ चालत आलेलं. तेही "जुनाट आणि बरं न होणारं" असं रंगवून लिहायचं कारण नाही. मी लिहिलं: "हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता कमी आहे, आणि ती अलीकडे अचानक जास्त बिघडली."

३५ टक्क्यांवर काका अडणार हे मला माहीत होतं, शंभरातले पस्तीस म्हणजे नापासाच्या काठावर. तो आकडा हृदय किती उरलंय हे सांगत नाही. डाव्या कप्प्यात जमलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर जातं, ते तो सांगतो, आणि धडधाकट माणसातही तो शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० च्या आसपास असतो. हे स्पष्टीकरण मी वेगळ्या चौकटीत, "भाषांतर करणाऱ्याची टीप" म्हणून दिलं. निदानाच्या ओळीत मिसळलं नाही. पस्तीस हा कमीच आहे, ते झाकायचा प्रयत्नही केला नाही.

दुसऱ्या ओळीतलं प्रश्नचिन्ह फार महत्त्वाचं. `?CKD` म्हणजे मूत्रपिंडाचा दीर्घकाळचा विकार असल्याची शंका आहे, सिद्ध झालेला नाही. प्रश्नचिन्ह गाळलं तर शंकेचं निदान होतं आणि पुढच्या प्रत्येक कागदावर ते फिरत राहतं. याउलट `K/C/O` म्हणजे आधीपासून माहीत असलेलं, मधुमेह आणि उच्च रक्तदाब. हे दोन दर्जे मराठीतही वेगळे दिसायला हवेत.

या टप्प्यावर घरातून हमखास एक निरोप येतो: "मावशीला ते हृदयाचं नको लिहूस, ती वाचेल." भावना कळते. माझा तोडगा असा की भाषांतर पूर्ण आणि खरंच करायचं, आणि फ्रिजवर लावायला वेगळं गोळ्यांचं वेळापत्रक द्यायचं, त्यावर निदान नसतंच. कुणाला काय दाखवायचं हे घरच्यांनी ठरवावं, पण भाषांतरात काटछाट करू नये.

पुढच्या सूचना

```
R/V OPD 2/52 WITH S. CREAT, Na/K
DAILY WT. REPORT IF GAIN > 2 KG IN 3 DAYS
FLUID 1.5 L/DAY
```

इथे प्रत्येक ओळ एक काम आहे, म्हणून एका ओळीत एकच क्रियापद. पहिल्या ओळीत दोन कामं दडलेली आहेत: दोन आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागात जायचं, आणि जाताना रक्ततपासणीचे अहवाल बरोबर न्यायचे. म्हणजे रक्त आधी द्यावं लागणार. तपासणीची नावं मूळ अक्षरांतच ठेवायची, कारण तो कागद प्रयोगशाळेच्या खिडकीत दाखवला जाणार आहे. किती दिवस आधी रक्त द्यायचं आणि उपाशीपोटी की कसं, हे कागदावर नव्हतं. ते मी माझ्या समजुतीने भरलं नाही, विचारायच्या प्रश्नांत टाकलं.

वजनाच्या ओळीत अट आहे, आणि अटीचं मराठी करताना "आणि/किंवा/पेक्षा जास्त" या शब्दांवर बोट ठेवून वाचावं. "रोज वजन करावं. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर कळवावं." "वजन वाढल्यास कळवावं" एवढं सोडलं तर काका पाव किलोला फोन करतील, किंवा चार किलो वाढल्यावरही "थोडं वाढलंय" म्हणून थांबतील.

द्रवपदार्थ दिवसाला दीड लिटर. इथेही "पाणी कमी प्यावं" असं मोघम करायचं नाही. मूळ शब्द द्रव आहे, नुसतं पाणी नाही. चहा, दूध, आमटीचं पाणी, सगळं त्यात धरायचं का, हा काकांचा प्रश्न रास्त होता आणि तोही यादीत गेला.

कागदावरच शंका असेल तर

तपासताना एक विसंगती सापडली. समरीत लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, घरातल्या पट्टीवर ७५. डॉक्टरांनी डोस कमी केला की दाखल करताना कुणीतरी चुकीचा सांगितला? दोन्ही शक्य. भाषांतरात मी ५०च लिहिलं, कारण कागदावर ५० होतं. शेजारी चौकट: "घरातल्या पट्टीवर 75 mcg आहे. कोणता द्यायचा, वॉर्डला विचारावं."

वाचता न येणाऱ्या अक्षरांनाही हाच नियम. "वाचता येत नाही" असं तिथेच लिहावं. पट्टी बघून अंदाज पक्का होतो, पण तोही "पट्टीवरून" असा उल्लेख करूनच लिहावा. आणखी एक प्रश्न घरी सोडताना कायम विसरला जातो: आजचा डोस वॉर्डमध्ये दिलाय का? समरीत तो बहुधा नसतो. तो विचारला नाही तर पहिल्या संध्याकाळी एखादी गोळी दोनदा जाते.

प्रश्नांची यादी वेगळ्या कागदावर, समरीवरच्या फोन नंबरसकट. वॉर्डला फोन करताना नोंदणी क्रमांक हाताशी हवा. नातेवाईक परदेशात असेल आणि तिथल्या दुकानात औषध घेणार असेल तर ब्रँडच्या नावावर अजिबात विसंबू नये. एकच ब्रँडनाव दोन देशांत दोन वेगळ्या औषधांना असू शकतं. मूळ औषधाचं नाव आणि मूळ समरी, दोन्ही दाखवावं.

तपासणी

लिहिणाऱ्याने स्वतःचं तपासणं कमी उपयोगाचं, कारण डोळा लिहायचं होतं तेच वाचतो. मी दोन गोष्टी करतो. आधी तक्ता खालून वर वाचतो, फक्त आकडे आणि एककं. मग दुसऱ्या माणसाला मूळ फोटो देऊन मी भाषांतर मोठ्याने वाचतो आणि तो इंग्रजीवर बोट फिरवत जातो. इंग्रजी फारसं न येणाऱ्यालाही आकडे आणि ओळी जुळवता येतात. माझी "होल्ड"ची चूक पकडणाऱ्या वहिनीला औषधातलं काही कळत नव्हतं, तिला फक्त एक ओळ इतरांसारखी नाही एवढं दिसलं.

भाषांतराच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर मी लिहितो: घरगुती भाषांतर, तारीख, मूळ समरी सोबत ठेवावी. डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानात मूळ कागदच द्यायचा. विमा किंवा सरकारी कामासाठी भाषांतर मागितलं तर ते प्रमाणित भाषांतरकाराचं लागू शकतं, माझ्यासारख्या भाच्याचं भाषांतर तिथे चालेलच असं नाही. आणि काम झालं की फोटो फोनमधून आणि कुटुंबाच्या ग्रुपमधून काढून टाकावेत. मावशीचं निदान चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये कायम राहायची गरज नाही.

शेवटी काकांना फोन केला. "समजलं का" असं विचारलं तर ते "हो" म्हणणार, म्हणून म्हटलं, "काका, सगळ्या पट्ट्या समोर घ्या आणि उद्या दिवसभरात काय काय द्याल ते मला सांगा." थायरॉइडची गोळी आल्यावर ते थांबले: "यावर पंच्याहत्तर आहे आणि तुझ्या कागदावर पन्नास." चौकट वाचली होती त्यांनी. रात्रीच वॉर्डला फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी फाइल बघून सांगितलं की दाखल करताना डोस चुकीचा नोंदला गेला, पंच्याहत्तरच चालू ठेवा, आणि दुरुस्त केलेली समरी सकाळी घेऊन जा. मी भाषांतरातलं ५० खोडलं नाही. त्याखाली तारीख, वेळ आणि "वॉर्डच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं: 75 mcg, दुरुस्त समरी मिळायची आहे" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीने नव्या पानाचा फोटो पाठवला, या वेळी फाइल म्हणून, चारही कोपऱ्यांसकट.